सीएलटीने ०.०६६८, सिम्युलेशनने ०.०७४२: विषम समष्टीच्या गणितात हा फरक येतो कुठून?

संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलला दर वर्षी कोणीतरी वही घेऊन माझ्यासमोर उभं राहतं. वहीत उत्तर असतं ०.०६६८, केंद्रीय सीमा प्रमेय म्हणजे सीएलटी वापरून तक्त्यातून बघून काढलेलं, पायऱ्या सगळ्या बरोबर. शेजारच्या स्क्रीनवर त्याच गणिताचं सिम्युलेशन चालवलेलं असतं आणि तिथे ०.०७४ च्या आसपासचा आकडा दिसत असतो. प्रश्न ठरलेला: "सर, माझं कुठे चुकलं?" बहुतेक वेळा चूक खरंच असते आणि ती साधी असते. पण सगळं तपासून झाल्यावरही हा फरक उरतो, आणि उरतो तेच योग्य आहे. हा उरलेला फरक कशाचा, तो किती असायला हवा आणि दुरुस्त कसा करायचा, हे नीट लिहिलेलं मराठीत मला सापडलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

गणित असं. एका हेल्पलाइनवर येणाऱ्या कॉलचा कालावधी सरासरी ४ मिनिटं आहे आणि प्रमाण विचलनही ४ मिनिटं आहे. वितरण उजवीकडे लांब शेपटीचं आहे: बरेचसे कॉल मिनिट-दोन मिनिटांत संपतात, मोजकेच पंधरा-वीस मिनिटं चालतात. यादृच्छिक पद्धतीने ३६ कॉल निवडले, तर त्यांची सरासरी ५ मिनिटांपेक्षा जास्त निघण्याची संभाव्यता किती?

वहीतली रीत सगळ्यांना माहीत आहे. सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणजे ४ भागिले √३६, अर्थात ०.६६६७. मग z = (५ − ४) / ०.६६६७ = १.५, आणि तक्त्यातून १.५ च्या उजवीकडचं क्षेत्रफळ ०.०६६८.

आधी साध्या चुका बाजूला काढा

उत्तर ०.४०१३ येत असेल, तर तुम्ही ४ ला √३६ ने भागायला विसरलात. z तेव्हा ०.२५ होतो. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि ती निव्वळ विसराळूपणाची नसते. "कॉल ५ मिनिटांपेक्षा जास्त चालण्याची संभाव्यता" आणि "३६ कॉलची सरासरी ५ पेक्षा जास्त निघण्याची संभाव्यता" हे दोन वेगळे प्रश्न डोक्यात एकमेकांत मिसळलेले असतात. शिवाय एका कॉलच्या प्रश्नाला ०.४०१३ हे उत्तरही चूकच आहे, कारण एका कॉलचा कालावधी नॉर्मल नाही. तो घातांकी वितरणाचा मानला, तर एक कॉल ५ मिनिटांच्या पुढे जाण्याची संभाव्यता e च्या −५/४ व्या घाताइतकी, म्हणजे ०.२८६५ येते. एका कॉलशी केंद्रीय सीमा प्रमेयाचा काही संबंध नाही.

दुसरी तपासणी सिम्युलेशनची. मी R मध्ये हे चालवतो:

```r
set.seed(7)
m <- replicate(100000, mean(rexp(36, rate = 1/4)))
mean(m); sd(m)
mean(m > 5)
```

`mean(m)` चार आणि `sd(m)` ०.६६७ च्या अगदी जवळ यायलाच हवेत. ते येत नसतील, तर शेवटच्या ओळीकडे पाहूच नका. `rexp` ला सरासरी नाही, दर द्यावा लागतो. सरासरी ४ हवी असेल तर दर १/४. कोणी `rexp(36, 4)` लिहिलं तर सरासरी पाव मिनिट होते आणि शेवटचा आकडा शून्य येतो. पायथनच्या नमपायमध्ये उलटं आहे: तिथल्या `exponential` ला थेट सरासरीच, म्हणजे ४, द्यायची असते. दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलांची इथे हमखास गल्लत होते.

तिसरी तपासणी पुनरावृत्तींची. एक हजार वेळाच नमुना घेतला असेल, तर सिम्युलेशनच्या उत्तराची स्वतःची प्रमाण त्रुटी ०.००८ च्या आसपास असते. आपल्याला शोधायचा फरक ०.००७४ आहे. म्हणजे तो या डुगडुगण्यात पूर्ण बुडून जातो: एकदा ०.०६५ येईल, एकदा ०.०८२. एक लाख पुनरावृत्ती केल्या की ही त्रुटी ०.०००८ वर येते आणि फरक तिच्या नऊपट उठून दिसतो. तेव्हा मात्र "नशिबाने आलं" असं म्हणता येत नाही.

ही तिन्ही कामं झाली आणि तरीही पडद्यावर ०.०७४ दिसत असेल, तर तुमचं काहीही चुकलेलं नाही. पुढे वाचा.

बरोबर कोण?

कॉलचा कालावधी खरोखर घातांकी असेल, तर या गणितात अंदाजावर थांबावं लागत नाही. ३६ स्वतंत्र घातांकी कालावधींची बेरीज गॅमा वितरणाने वागते. घटक पूर्णांक संख्येत असले की त्याच वितरणाला एरलांग वितरण म्हणतात. अग्नर एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत आणि टेलिफोनच्या वाहतुकीचंच गणित मांडत, त्यामुळे आपलं कॉलचं उदाहरण मुळात त्यांच्याच घरातलं आहे. बेरजेला ३६ ने भागून सरासरी घेतली की दर ३६ × १/४ = ९ होतो, आणि नेमकं उत्तर एका ओळीत मिळतं:

```r
pgamma(5, shape = 36, rate = 9, lower.tail = FALSE)
```

उत्तर ०.०७४२. म्हणजे सिम्युलेशन बरोबर होतं, आणि नॉर्मलच्या तक्त्याने खरी संभाव्यता सुमारे दहा टक्क्यांनी कमी दाखवली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण मुलं लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रमेय खोटं ठरल्यासारखं बोलू लागतात. n अमर्याद वाढत जातो तेव्हा काय होतं, एवढंच प्रमेय सांगतं. ३६ ला किती जवळ पोचलो आहोत याचं वचन त्यात कुठेही नाही. "n ३० पेक्षा मोठा असला की पुरे" हे वाक्य प्रमेयाचा भाग नाही. तो एक व्यवहारातला अंदाज आहे आणि तो समष्टी किती वाकडी आहे हे विचारतच नाही. माझ्या मते या गणितातली सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. मुलं गणितात "skewed" हा शब्द वाचतात, n = ३६ बघतात, ३० पेक्षा जास्त म्हणून पुढे जातात आणि तो शब्द परत कधी वापरतच नाहीत.

वाकडेपणा सरासरीत कसा उरतो

सूत्राकडे जाण्याआधी ३६ कॉल डोळ्यांसमोर आणा. त्यातला एक कॉल वीस मिनिटं चालला. सरासरीपेक्षा तो १६ मिनिटं जास्त आहे, म्हणून त्या एकट्या कॉलने ३६ कॉलची सरासरी १६/३६, म्हणजे ०.४४ मिनिटांनी वर ढकलली. आता उलट बाजू. एखादा कॉल जास्तीत जास्त किती आखूड असेल? शून्य मिनिटं. सरासरीपेक्षा ४ मिनिटं कमी. म्हणजे एका कॉलला सरासरी फार तर ४/३६, अर्थात ०.११ मिनिटांनीच खाली ओढता येते. वर ढकलायला एकटा लांब कॉल पुरतो, पण तेवढंच खाली यायला अनेक आखूड कॉल एकाच वेळी जमावे लागतात.

आणि वीस मिनिटांचा कॉल फार दुर्मीळही नाही. तसा एक कॉल येण्याची संभाव्यता ०.००६७ आहे. ३६ कॉलमध्ये निदान एक तरी तसा असण्याची संभाव्यता सुमारे ०.२२ निघते, म्हणजे पाचांतल्या एका नमुन्यात तो असतोच. ३६ कॉलच्या सरासऱ्यांचा आलेख मांडलात तर उजवी बाजू किंचित लांब दिसते, डावी बाजू आत दबलेली दिसते, आणि शिखर ४ च्या थोडं डावीकडे बसतं. घंटेसारखा आकार खरंच आलेला असतो, पण घंटा जराशी कललेली असते.

हे कलणं मोजता येतं. समष्टीची विषमता γ असेल, तर n च्या सरासरीची विषमता γ/√n असते. घातांकी वितरणाची विषमता नेहमी २ असते, सरासरी चार मिनिटं असो की चाळीस. म्हणून ३६ कॉलच्या सरासरीची विषमता २/६ = ०.३३. नॉर्मलची विषमता शून्य असते. आपण ०.३३ ला शून्य धरलं, आणि ०.००७४ चा फरक तिथून आला.

विषमता √n ने कमी होते हे मनात पक्कं ठेवा, कारण त्याचा परिणाम अंगावर येतो: चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. ३६ चे १४४ कॉल केले आणि z पुन्हा १.५ राहील असा प्रश्न विचारला, म्हणजे सरासरी ४.५ च्या पुढे जाण्याचा, तर नेमकं उत्तर ०.०७०९ येतं. ०.०६६८ पासूनचं अंतर ०.००७४ वरून ०.००४१ वर आलं. १०८ कॉल जास्त मोजून एवढीच सुधारणा.

दुरुस्ती

संख्याशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी नॉर्मलच्या पुढचं पद बसवण्याची रीत दिली आहे. आपल्या कामापुरतं त्यातलं पहिलं पद बास आहे:

```
P(Z > z) ≈ [1 − Φ(z)] + γ/(6√n) · (z² − 1) · φ(z)
```

इथे Φ(z) म्हणजे नॉर्मल वक्राखालचं z च्या डावीकडचं क्षेत्रफळ आणि φ(z) म्हणजे त्या वक्राची z पाशी असलेली उंची. आपल्या गणितात γ/(6√n) = २/३६ = ०.०५५६. z² − 1 = १.२५. φ(१.५) = ०.१२९५. तिघांचा गुणाकार ०.००९०. तो ०.०६६८ मध्ये मिळवला की ०.०७५८. खरं उत्तर ०.०७४२ आहे, म्हणजे पाऊल थोडं पुढे पडलं. पण आधी ०.००७४ चं अंतर होतं, आता ०.००१६ चं आहे. उरलेलं अंतर १/n च्या मापाच्या पुढच्या पदांचं आहे आणि हाताने करायच्या गणितात मी त्यामागे लागत नाही.

या सूत्रातला (z² − 1) हा तुकडा थोडा वेळ नीट पाहा, कारण "कधी जुळतं, कधी जुळत नाही" या तक्रारीचं उत्तर त्यात आहे. z = १ असेल तर हा तुकडा शून्य होतो. म्हणजे प्रश्नात ५ ऐवजी ४.६६७ मिनिटं विचारली असती, तर नॉर्मल तक्ता ०.१५८७ सांगतो आणि नेमकं उत्तर ०.१५७५ च्या जवळ येतं. फरक जवळजवळ दिसतच नाही. तसं गणित सोडवलेला विद्यार्थी शेजारच्याला सांगतो की माझं तर जुळलं, आणि शेजारचा आपल्या वहीत नसलेली चूक शोधत बसतो. z −१ आणि १ च्या दरम्यान असला की दुरुस्ती ऋण होते. सरासरी ४ पेक्षा जास्त निघण्याची संभाव्यता नॉर्मलच्या मते बरोबर ०.५, प्रत्यक्षात ०.४७८. शिखर डावीकडे सरकलं आहे असं वर म्हटलं ते इथे आकड्यात दिसतं.

आणि z मोठा झाला की गणित हाताबाहेर जाऊ लागतं. ३६ कॉलची सरासरी ६ मिनिटांच्या वर जाणं म्हणजे z = ३. तक्ता सांगतो ०.००१३५. खरं उत्तर ०.००३९, जवळजवळ तिप्पट. डावीकडे सरासरी २ मिनिटांच्या खाली जाणं म्हणजे z = −३. तक्ता पुन्हा ०.००१३५ सांगतो, खरं उत्तर ०.०००१२. तिथे तक्ता दहापटीहून जास्त फुगवून सांगतो. मधल्या भागात ३६ चा नमुना चालून जातो, शेपटीत नाही. नमुना वाढवूनही इथे एक सापळा आहे. १४४ कॉल घेतले पण प्रश्न ५ मिनिटांचाच ठेवला, तर z १.५ वरून ३ होतो. तक्त्याचं उत्तर ०.००१३५, नेमकं ०.००२५. नमुना चौपट झाला तरी प्रमाणात पाहिलं तर चूक वाढली, कारण तोच ५ चा आकडा आता शेपटीत खोल जाऊन बसला आहे. "n मोठा आहे" एवढं म्हणून थांबू नका, प्रश्न वक्राच्या कुठल्या भागाबद्दल आहे तेही पाहा.

फसव्या दुरुस्त्या

दोन उपाय मुलं स्वतःहून करून बघतात. पहिला, अर्धा मिळवण्याचा किंवा वजा करण्याचा. ती सातत्य दुरुस्ती मोजणीच्या संख्यांसाठी असते: किती कॉल आले, किती जण पास झाले. कालावधी सलग आहे, तिथे अर्ध्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा उपाय जास्त फसवा आहे, कारण तो यशस्वी झाल्यासारखा दिसतो. z ऐवजी ३५ मुक्तिमात्रांचा t तक्ता वापरला की उजवीकडची संभाव्यता ०.०७१३ येते. ०.०६६८ पेक्षा ती खरंच ०.०७४२ च्या जवळ आहे, आणि मुलगा आनंदाने सांगतो की नमुना लहान होता म्हणून t लागत होता. एकदा एका विद्यार्थिनीने मला हेच दाखवलं. मी तिला डावी बाजू काढायला सांगितली: सरासरी ३ मिनिटांपेक्षा कमी असण्याची संभाव्यता. t सममित आहे, म्हणून तो इथेही ०.०७१३ सांगतो. नेमकं उत्तर ०.०५५९. म्हणजे डावीकडे t मुळे अंतर वाढलं. तिने स्वतः आलेख काढला, दोन्ही बाजूंना ०.०७४२ आणि ०.०५५९ लिहिलं आणि म्हणाली, "म्हणजे शेपट्या जाड नाहीत, वाकड्या आहेत." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. t दोन्ही शेपट्या सारख्याच जाड करतो. आपल्याला एक जाड आणि एक बारीक हवी आहे, ते काम t चं नाही. शिवाय प्रमाण विचलन ४ हे प्रश्नातच दिलेलं असताना t वापरायला कारणही नाही.

ते दोन आकडे आता एकत्र करून बघा. ०.०७४२ आणि ०.०५५९ मिळून ०.१३०१. नॉर्मलच्या दोन्ही शेपट्या मिळून ०.१३३६. उजवीकडची कमतरता डावीकडच्या जास्तीने बरीचशी भरून निघाली. म्हणून "सरासरी ३ ते ५ च्या दरम्यान असण्याची संभाव्यता" असा दोन्ही बाजूंचा प्रश्न असेल, तर सीएलटी विषम समष्टीतही खूप चांगलं उत्तर देतं. ३० चा नियम इतकी वर्षं टिकून राहिला त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं: बरेचसे प्रश्न दोन बाजूंचे असतात आणि दोन चुका एकमेकींना झाकतात.

मग n किती घ्यायचा?

यासाठी संख्याशास्त्रज्ञ विल्यम कॉक्रन यांनी नमुना सर्वेक्षणांसाठी दिलेला अंदाज मला ३० पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो: n हा २५ गुणिले विषमतेचा वर्ग यापेक्षा मोठा असावा. हा अंदाज ९५ टक्क्यांच्या दुहेरी मर्यादांसाठी आहे, म्हणजे वर सांगितलेल्या सोप्या बाजूसाठी. घातांकी समष्टीला विषमता २, म्हणून n किमान १००. ३६ त्यात बसत नाही.

आणि कॉलचं वितरण घातांकी नसून लॉग-नॉर्मल असेल तर? ही शंका घ्यायलाच हवी, कारण मदतकेंद्रांच्या नोंदींमध्ये तो आकारही बऱ्याचदा दिसतो. लॉग घेतल्यावर प्रमाण विचलन १ येत असेल, तर मूळ समष्टीची विषमता ६.१८ असते. ३६ च्या सरासरीची विषमता तेव्हा १.०३ उरते. घातांकीच्या ३६ कॉलइतका सरळपणा मिळवायला इथे सुमारे ३४४ कॉल लागतील आणि कॉक्रन यांच्या अंदाजाने साडेनऊशेच्या पुढे. एवढी विषमता असताना एजवर्थचं एक पदही पुरत नाही. तिथे मी सरळ सिम्युलेशनच करतो किंवा आकड्यांचा लॉग घेऊन प्रश्न नव्याने मांडता येतो का ते बघतो. लॉगची सरासरी म्हणजे सरासरीचा लॉग नव्हे, एवढं भान मात्र तेव्हा ठेवावं लागतं.

परीक्षेत काय लिहायचं, हा प्रश्न यावर हटकून येतो. प्रश्नात फक्त सरासरी, प्रमाण विचलन आणि "विषम" एवढंच दिलं असेल, तर ०.०६६८ हेच लिहा. आकार माहीत नसताना ०.०७४२ काढायला तुमच्याकडे काही साधनच नाही. त्याआधी "सुमारे" लिहा आणि एका ओळीत सांगा की उजवीकडे कललेल्या समष्टीमुळे आणि z एकपेक्षा मोठा असल्यामुळे खरी संभाव्यता याहून थोडी जास्त असेल. दिशा सांगायला आकार लागत नाही, γ चं चिन्ह पुरतं. प्रश्नात घातांकी असं स्पष्ट लिहिलं असेल आणि संगणक हाताशी असेल, तर `pgamma` वापरा.

शेवटी एक बदल, ज्याने वरची दिशा उलटते. समजा σ = ४ दिलेलंच नाही आणि तुम्ही नमुन्यातून काढलेलं s वापरलंत. प्रत्यक्ष कामात तसंच असतं. आता उजवीकडे कललेल्या समष्टीत t ची डावी शेपटी जाड होते. कारण पुन्हा त्याच वीस मिनिटांच्या कॉलमध्ये आहे. नमुन्यात तो आला नाही, तर सरासरीही खाली राहते आणि s सुद्धा लहान येतं, म्हणून खाली गेलेला फरक लहान s ने भागला जाऊन फार मोठा ऋण आकडा तयार होतो. तो आला, तर सरासरी वर जाते पण s ही फुगतं, आणि भागाकार उजवीकडे फार पुढे जाऊ शकत नाही. वरच्या सिम्युलेशनमध्ये `mean(rexp(36, rate = 1/4))` च्या जागी `{ x <- rexp(36, rate = 1/4); (mean(x) - 4) / (sd(x) / 6) }` ठेवा, −१.६४५ च्या खाली आणि १.६४५ च्या वर किती टक्के जातात ते मोजा. नॉर्मलप्रमाणे दोन्हीकडे पाच-पाच टक्के यायला हवेत. डावीकडे त्याहून बरेच जास्त येतील आणि उजवीकडे कमी. एजवर्थचं वर दिलेलं सूत्र या t ला लावू नका, त्यातली (z² − 1) ची दुरुस्ती फक्त ज्ञात σ साठी आहे.